सहा किलोचं पिल्लू आणि एका मुलीचं पत्र

इंटर्नशिपचे दिवस जवळ आले की क्लिनिकच्या मेलवर पत्रं यायला लागतात. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. माझ्याकडे फक्त कुत्री-मांजरं येतात, त्यामुळे शहरात राहायचं ठरवलेली मुलं अर्ज करतात. बहुतेक पत्रांची सुरुवात एकच असते: "मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे." ते खरंच असतं, मला त्यात शंका नाही. पण त्यावरून या मुलाच्या हातात उद्या सकाळी काय द्यायचं, ते कळत नाही.

गेल्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या मुलीचं पत्र आलं. एका पानाचं. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग एकाच पिल्लाबद्दल होता.

तीन महिन्यांचं लॅब्रेडॉर, वजन सहा किलो, एकही लस नाही. दोन दिवस उलट्या आणि रक्ताचे जुलाब. पार्व्हो या विषाणूची किट टेस्ट पॉझिटिव्ह. हिरड्या चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसायची, म्हणून शरीरातलं पाणी आठ टक्के कमी झालंय असा अंदाज तिने धरला. सहा किलोचे आठ टक्के म्हणजे ४८० मिली. दिवसभराची नेहमीची गरज किलोमागे ६० मिली धरून आणखी ३६०. एकूण ८४० मिली, चोवीस तासांत, म्हणजे तासाला ३५. सरांनी गणित तपासलं आणि रिंगर लॅक्टेटचं सलाईन सुरू झालं.

पुढचा भाग वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिने लिहिलं होतं, "आठ तासांनी सरांनी वजन करायला सांगितलं. भरपाईच्या ४८० पैकी १६० मिली तोवर आत गेलं होतं, म्हणजे वजन साधारण तेवढे ग्रॅम वाढायला हवं होतं. ते ५.९ किलो भरलं. पिल्लाच्या उलट्या-जुलाब सुरूच होते आणि ते मी हिशेबात धरलेच नव्हते."

१६० ग्रॅम वाढायच्या ऐवजी १०० ग्रॅम घट. म्हणजे आठ तासांत सुमारे २६० मिली पाणी हिशेबाबाहेर गेलेलं. ते पुढच्या तासांमध्ये वाढवून दिलं, आणि तिथून दर चार तासांनी वजन सुरू झालं. पार्व्होचं पिल्लू बरेचदा इथेच हातातून जातं. सलाईन चालू आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि पिल्लू वाळत जातं. साध्या वजनकाट्यावर ते कळतं, पण मुद्दाम जाऊन बघावं लागतं. ही मुलगी हे शिकली होती, आणि चूक आपली होती हेही तिने लिहिलं होतं.

त्याखाली तीन ओळी: पायाच्या शिरेत कॅन्युला लावता येतो, पण खूप वाळलेल्या पिल्लात पहिल्या प्रयत्नात जमेलच असं नाही. मादीच्या नसबंदीत मदत केली आहे, कातडीचे टाके घातले आहेत, अंडाशयाची रक्तवाहिनी स्वतः बांधलेली नाही. मांजर एकटीने कधी धरलेलं नाही.

या तीन ओळींची किंमत मला एका वाईट दुपारी कळली. काही वर्षांपूर्वी "नसबंदी स्वतंत्रपणे करतो" असं लिहिलेल्या एका मुलाला मी रक्तवाहिनी बांधू दिली आणि मी पलीकडच्या टेबलावर गेलो. तासाभराने कुत्री शुद्धीवर यायला हवी होती. ती येईना, हिरड्या पांढऱ्या पडत गेल्या, नाडी जोरात आणि बारीक. पोट पुन्हा उघडलं तर डाव्या बाजूची गाठ सुटलेली. कुत्री वाचली. पण त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच गाठ होती, आणि हे मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे असंच मी आजही मानतो.

गावाकडच्या मुलांना एक सांगतो, गाई-म्हशींचं काम पत्रातून गाळू नका. म्हशीच्या मानेतली शीर शोधून सलाईन लावणाऱ्या, रात्री गोठ्यात अडलेलं वासरू सोडवणाऱ्या मुलाला बिथरलेल्या जनावराजवळ कसं उभं राहायचं ते शिकवावं लागत नाही. मांजराचं मात्र वेगळं सांगावं लागतं. तिथे ताकद लावली की ते आणखी बिथरतं. टॉवेल, शांत खोली आणि सावकाश हात लागतो.

त्या पत्रात एकच गोष्ट नव्हती, रेबीजच्या आगाऊ लसीची. कुत्रा चावण्याआधी घ्यायचे डोस पूर्ण झाल्याशिवाय मी कुणालाही टेबलाजवळ उभं करत नाही. मी फोन करून विचारलं. "झालेत सर, लिहायचं राहिलं," म्हणाली, आणि पाच मिनिटांत कार्डाचा फोटो पाठवला. एक तारखेपासून येतेय. पहिले दोन आठवडे मांजरांच्या टेबलावर.