करिअर पेजवर पगार लिहायचाच, तर हातात येणारा लिहा

लहान कंपन्यांची करिअर पेजेस लिहून देणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. मालकांशी माझा पहिला वाद बहुतेक वेळा पगारावरून होतो. 'आकर्षक पगार, प्रगतीच्या भरपूर संधी, आम्ही एक कुटुंब आहोत' एवढं लिहून पान संपवायचं, हा त्यांचा आग्रह. पगार विचारला की म्हणतात, "मॅडम, तो इंटरव्ह्यूत बोलू."

अलीकडेच भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीचं पान केलं. माणसं तीसेक. कंट्रोल पॅनल बनवतात, पीएलसी म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग करतात, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांना सर्व्हिस देतात. त्यांना सर्व्हिस इंजिनिअर मिळत नव्हते आणि मिळाले तर टिकत नव्हते. मालक भला माणूस, वेळेवर पगार करणारा. मी विचारलं, किती द्यायची तयारी आहे? "चार लाख ऐंशी हजारांचं पॅकेज. म्हणजे सरळ महिना चाळीस हजार."

सरळ वगैरे काही नव्हतं. आम्ही कागद घेऊन बसलो. चार लाख ऐंशी हजारांत दिवाळीला मिळणारा, तोही कामगिरीवर अवलंबून असलेला, ४८ हजारांचा इन्सेंटिव्ह धरलेला होता. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००. मूळ पगार वीस हजार, त्यावर ग्रॅच्युइटीची तरतूद वर्षाला साधारण साडेअकरा हजार, आणि ती हाती पडण्याआधीच बहुतेक पोरं सोडून जातात. मेडिक्लेमचे सहा हजार. हे सगळं वजा केलं की महिन्याला ३२,७०० च्या आसपास उरतात. त्यातून इंजिनिअरचा स्वतःचा पीएफ पुन्हा १,८०० आणि व्यवसाय कर २००. बँकेत जमा होणार ३०,७००.

यात कंपनीची लबाडी काहीच नाही, पॅकेज सगळे असंच मांडतात. पण लातूरहून आलेला मुलगा चार लाख ऐंशी हजार भागिले बारा करून खोलीचं भाडं ठरवतो आणि पहिल्या स्लिपला त्याचा चेहरा उतरतो. दुसऱ्या महिन्यात तो नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करतो. म्हणून माझा हट्ट असतो की पानावर आधी दरमहा हातात येणारी रक्कम लिहावी आणि पॅकेजचा आकडा त्याच्या खाली, काय-काय धरलंय ते सांगून.

न्यूयॉर्क शहरात २०२२ पासून चार माणसांच्या कंपनीलाही जाहिरातीत पगाराची रेंज लिहावी लागते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, त्यामुळे लिहिणारा लगेच वेगळा दिसतो. मात्र 'तीन ते नऊ लाख' ही रेंज नव्हे. वाचणारा नऊ वाचतो, देणाऱ्याच्या मनात तीन असतात. आम्ही तिचे दोन तुकडे केले. पॅनल वाचता येतो, पण साइटवर सोबत सीनिअर लागतो, अशाला हातात २५ ते ३० हजार. एकटा जाऊन बिघाड शोधून लाइन चालू करून देतो, अशाला ३१ ते ३८. अनुभवाची वर्षं मुद्दाम दुय्यम ठेवली, कारण चार वर्षं नुसतं वायरिंग केलेलेही येतात.

आणि इथेच खरी अडचण बाहेर आली. पाच वर्षं जुना, एकट्याने लाइन चालू करणारा एक इंजिनिअर २९,५०० वर होता. दरवर्षी थोडी-थोडी वाढ होत तो तिथे पोचलेला. हे पान सगळ्यात आधी उमेदवार वाचत नाही, आपलीच माणसं वाचतात, तेही लाइव्ह झाल्याच्या दिवशी, चहाच्या टपरीवर. नव्याला ३१ आणि याला साडेएकोणतीस हे दिसलं असतं, तर एक माणूस मिळवण्याच्या नादात हुकमी माणूस गेला असता. सगळ्यांचे पगार रेंजशेजारी मांडले तेव्हा असे तिघं निघाले. तिघांना मिळून महिन्याला सात हजार वाढवले की गाडी रुळावर येत होती. मालकांनी आधी ते केलं, पुढच्या महिन्यात पान टाकलं. हा क्रम उलटा करू नका. पैसे नसतील तर पान थांबवा.

"शेजारचा गाळेवाला आमचे आकडे बघून पोरं पळवेल," ही त्यांची दुसरी भीती. त्याला ते आकडे आधीच माहीत असतात. मेसवर कोण किती घेतं हे लपत नाही.

कामाबद्दल लिहायला मी इंजिनिअर लोकांनाच विचारलं, गेला आठवडा कसा गेला ते सांगा म्हणून. त्यातून पानावर आलं ते असं: "साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. महिन्यातले सहा-सात दिवस बाहेरगावी जातात. ग्राहकाचं शटडाऊन सणासुदीला असतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत काम निघतं. त्याची बदली सुट्टी महिन्याभरात मिळते. स्वतःची बाइक लागते, पेट्रोल किलोमीटरप्रमाणे देतो." गुरुवारची सुट्टी पुण्याच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक, पण बाहेरगावच्या पोराला ती रुजू झाल्यावर कळते, आणि त्याचे सगळे मित्र रविवारी मोकळे. फोटोही तसाच घेतला: उघड्या पॅनलसमोर उकिडवा बसलेला माणूस, मांडीवर लॅपटॉप, पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेलं ड्रॉइंग. विकतच्या फोटोतली हसरी, टाय लावलेली मंडळी भोसरीत कुणी पाहिलीत?

प्रगतीवर मालक अडखळले. तीस माणसांत पदं किती असणार? सर्व्हिस हेड चाळिशीतला आहे, त्याची खुर्ची इतक्यात रिकामी होत नाही. आम्ही तेच लिहिलं. त्याखाली जे खरंच घडतं ते लिहिलं: पहिल्या वर्षी सीनिअरसोबत साइट, नंतर एकट्याने सर्व्हिस, मग छोटं नवं मशीन बसवून चालू करून देणं, म्हणजे कमिशनिंग, पुढे स्काडा, म्हणजे मशीनं कंप्युटरच्या पडद्यावरून बघायची-चालवायची यंत्रणा. प्रत्येक टप्प्याला कोणतं काम करून दाखवायचं आणि पगार कोणत्या रेंजमध्ये जातो, तेही. शिवाय इथून शिकून मोठ्या कंपन्यांत गेलेल्यांचा उल्लेख, नावं न घेता. हे वाक्य मालकांना टोचलं. मला विचाराल तर सगळ्या पानात विश्वास बसावा असं तेच आहे, कारण तेवीस वर्षांच्या पोराला इथे निवृत्त व्हायचं नसतं, हे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

अर्ज कमी झाले, हे खरं. पण फोनवरचे प्रश्न बदलले. पूर्वी 'सॅलरी किती' पासून सुरुवात व्हायची, आता 'कुठल्या मेकचे पीएलसी आहेत' असं विचारतात. पान काम करतंय की नाही हे मी अर्जांच्या ढिगावरून ठरवत नाही. ऑफर स्वीकारून ऐनवेळी न येणारे कमी झाले का, आणि पहिल्या स्लिपनंतर कुणी केबिनमध्ये आलं का, एवढं बघते.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेतला. अकाउंट्सला एकच बाई आहेत. तिथे रेंज लिहिली की ती रेंज राहत नाही, त्यांचा पगारच जाहीर होतो. त्यांना विचारलं, त्या नको म्हणाल्या. ती ओळ पानावर नाही. त्या विभागात दुसरी जागा निघाली की तेव्हा बघू. बाकी आकड्यांखाली तारीख टाकली आहे, कारण एप्रिलमध्ये पगारवाढ झाली की ते बदलावे लागतील, आणि ते काम एचआर सांभाळणाऱ्या मुलीच्या कॅलेंडरवर आत्ताच टाकून ठेवलंय.