लाभार्थी, निधी आणि परिणाम: सीव्हीतल्या आकड्यांविषयीच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

स्वयंसेवी संस्थेत काम केलेल्यांनी सीव्हीत मोजून दाखवता येतील आणि आपल्या वाट्याचे असतील तेवढेच आकडे लिहावेत, असा सल्ला मी दिला होता. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा सल्ला मानला तर आमचे आकडे निम्म्यावर येतील. बाकीचे उमेदवार 'एक लाख लाभार्थी, सहा कोटी निधी' असे लिहितात आणि एचआरवाले तेच पाहून बोलावतात. 'साठ शाळा' लिहिणाऱ्याचा सीव्ही कोणी उघडूनही पाहणार नाही. शिवाय संस्थेत काम सगळ्यांनी मिळून केलेले असते. त्यातले माझे किती हे वेगळे काढणे सहकाऱ्यांवर अन्याय करणारे वाटते. प्रत्यक्ष नोकरी शोधणाऱ्याच्या हा सल्ला कामाचा नाही."

उत्तर:

सप्रेम नमस्कार. आपण सविस्तर लिहिलेत, त्यामुळे मीही सविस्तर लिहितो.

पहिल्या चाळणीत मोठा आकडा नजरेत भरतो, हे मला मान्य आहे. मात्र कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी, विभागातील किंवा फाउंडेशनमधील जागेसाठी निर्णय त्या चाळणीवर होत नाही. मुलाखतीला समोर बसणारी व्यक्ती बहुधा सीएसआर प्रमुख किंवा कार्यक्रम विभागाची प्रमुख असते आणि संस्थांकडून आलेले आकडे तपासणे हेच तिचे रोजचे काम असते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मुळे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान 2 टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो. 2021 मध्ये या संबंधीचे नियम कडक झाले. दिलेला निधी मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरला गेला, असे कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावे लागते. ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी 10 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावे लागते. वर्षभर असे अहवाल वाचणाऱ्या माणसासमोर "एक लाख लाभार्थी" हे शब्द आले की त्याचा पहिला प्रश्न "हे कसे मोजले?" असाच असतो, आणि उमेदवाराचे काय होणार हे बहुतेक वेळा त्या उत्तरावर ठरते.

आपण "साठ शाळा" म्हणालात, म्हणून तेच उदाहरण घेतो. पुढील आकडे मी समजावण्यासाठी कल्पिले आहेत, पण त्यांची रचना या क्षेत्रातील कोणालाही ओळखीची वाटेल. जव्हार-मोखाडा भागात जिल्हा परिषदेच्या 60 शाळांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी तीन वर्षे वाचन कार्यक्रम चालला, असे समजा. पहिल्या वर्षी पटावर 3,200 मुले होती, दुसऱ्या वर्षी 3,150 आणि तिसऱ्या वर्षी 3,250. वार्षिक अहवालांतील आकड्यांची बेरीज 9,600 होते. त्याला कुटुंबातील सरासरी पाच माणसांनी गुणले की 48,000 होतात. त्यात पालकसभा, गावातील फेरी आणि भिंतीवरील फलक वाचणारे मिळवले की पुढचा लाख फार दूर राहत नाही. अशा बेरजा खोट्या कागदांवरून होत नाहीत. प्रत्येक टप्प्यावरचा कागद खरा असतो, फक्त मोजण्याचे एकक दर टप्प्याला बदललेले असते.

या 9,600 मध्ये मुळातच एक अडचण आहे. पहिल्या वर्षी तिसरीत असलेला मुलगा पुढच्या वर्षी चौथीत आणि त्यानंतर पाचवीत याच कार्यक्रमात असतो, म्हणजे तो तीनदा मोजला जातो. नवी मुले येतात ती दर वर्षीच्या तिसरीत, साधारण 1,050. म्हणून वेगवेगळी मुले मोजायची तर पहिल्या वर्षाची 3,200 आणि पुढील दोन वर्षांच्या तिसरीतील 2,100 मिळून सुमारे 5,300 होतात. सीव्हीत "तीन वर्षांत 60 शाळांतील सुमारे 5,300 मुले (पुनरावृत्ती वगळून)" असे लिहिले, तर कंसातील दोन शब्दच समोरच्याला सांगतात की या उमेदवाराला नोंदवही वाचता येते. कुटुंबीयांचा आकडा द्यायचाच असेल, तर "अप्रत्यक्ष" असा शब्द लावून वेगळ्या वाक्यात द्यावा. शिक्षणाच्या कार्यक्रमात मात्र तो देऊच नये, असे माझे मत आहे. एका गावाला नळपाणी मिळाले तर घरातील प्रत्येक जण खरोखर लाभार्थी असतो. मुलगा वाचायला शिकला म्हणून त्याचे आजोबा लाभार्थी ठरत नाहीत.

आता परिणामांकडे येतो, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. वाचनाची चाचणी 'असर' या देशव्यापी शैक्षणिक सर्वेक्षणाच्या धर्तीवर घेतली जाते: मुलाला एकट्याला समोर बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात आणि त्याला जमते ती सर्वांत वरची पातळी नोंदवतात. आपल्या उदाहरणात शेवटच्या वर्षी जुलैमधील बेसलाइनला, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीला, 2,900 मुले तपासली गेली आणि त्यांतील 20 टक्के, म्हणजे 580 मुले, गोष्ट वाचू शकत होती. मार्चमधील एंडलाइनला, म्हणजे अखेरच्या चाचणीला, हे प्रमाण 46 टक्के निघाले. बहुतेक सीव्हींत याचे वाक्य "वाचनक्षमतेत 130 टक्के वाढ" असे होते.

हा भाग ज्याला माहीत आहे तो लगेच विचारेल की दिवाळीनंतर किती मुले वीटभट्टीवर गेली. भातकापणी उरकली की अनेक कातकरी आणि वारली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि मुलेही सोबत जातात. पटावर नावे राहतात, पण मार्चच्या चाचणीला ती मुले नसतात. आपल्या उदाहरणात जुलै आणि मार्च अशा दोन्ही चाचण्या दिलेली मुले 2,100 भरली. याच मुलांचे जुलैमधील निकाल पुन्हा काढले तर 462 मुले, म्हणजे 22 टक्के, आधीपासूनच गोष्ट वाचत होती. गळालेल्या 800 मुलांमध्ये हे प्रमाण साधारण 15 टक्के होते. म्हणजे वाचनात मागे असलेली मुले अधिक प्रमाणात बाहेर पडली होती आणि केवळ त्यांच्या नसण्याने सरासरी थोडी वर सरकली होती. या उदाहरणात हा फरक लहान आहे, पण स्थलांतर जास्त असलेल्या तालुक्यात तो मोठा होऊ शकतो. म्हणून त्याच 2,100 मुलांची तुलना द्यावी: 22 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर, म्हणजे 462 वरून 966 मुले. आणि 800 मुले दुसऱ्या चाचणीला का नव्हती, हे मुलाखतीत स्वतःहून सांगावे. ज्याने हंगामी वसतिगृहासाठी केंद्रप्रमुखांकडे पाठपुरावा केला आहे, त्याच्याकडे इथे सांगण्यासारखे खूप असते. दुर्दैवाने गोल आकड्यामागे तेच झाकले जाते.

अजून एक सावधगिरी आवश्यक आहे. जुलै ते मार्च या काळात शाळेत नियमित जाणारे मूल कार्यक्रमाशिवायही थोडेफार पुढे जातेच. कार्यक्रम नसलेल्या शाळांमध्ये तीच चाचणी घेतली नसेल, तर "कार्यक्रमामुळे वाढले" असे लिहिता येत नाही, "कार्यक्रमाच्या काळात वाढले" असे लिहिता येते. मूल्यमापन विभाग असलेल्या मोठ्या फाउंडेशनमध्ये या एका शब्दाकडे बारकाईने पाहिले जाते.

निधीबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्या प्रतिक्रियेतील "सहा कोटी" सुटे करून पाहू. त्यात एका कंपनीबरोबरच्या तीन वर्षांच्या नव्या कराराचे 3 कोटी, जुन्या देणगीदाराच्या नूतनीकरणाचे 1.4 कोटी, जिल्हा परिषदेने आपल्या योजनांतून केलेला 1.2 कोटींचा खर्च आणि वस्तुरूप मदतीची 40 लाखांची किंमत असू शकते. शासनाचा खर्च उमेदवाराने उभारलेला निधी होत नाही. तो "समन्वयातून मिळालेला" असा वेगळा सांगावा. करार 3 कोटींचा असला तरी पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता बहुधा उपयोगिता प्रमाणपत्र व प्रगती अहवाल पाहूनच सुटतो. आपण नोकरी सोडली तेव्हा 1.9 कोटी जमा झाले असतील, तर मंजूर आणि जमा असे दोन्ही आकडे द्यावेत. कंपनीच्या बाजूने बसलेल्या माणसासाठी मंजुरीपेक्षा हप्ते वेळेवर सुटले ही बाब अधिक बोलकी असते, कारण हप्ता अडकला की वर्षअखेरीस न खर्चलेल्या रकमेचा प्रश्न त्याच्या टेबलावर येतो.

आपला दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्यामागची भावना मी मानतो. तरीही आपला वाटा वेगळा सांगितल्याने सहकाऱ्यांवर अन्याय होतो, असे मला वाटत नाही. सगळ्यांचे मिळून झालेले काम एकाच्याच सीव्हीत कर्तरी क्रियापदाने आले, तर अन्याय तेव्हा होतो. "3 कोटी उभारले" असे संचालक, प्रपोजल लिहिणारी सहकारी आणि फील्ड समन्वयक हे तिघेही लिहीत असतील आणि तिघांचे सीव्ही एकाच सीएसआर वर्तुळात फिरत असतील, तर ते कोणाच्या तरी लक्षात येतेच. त्याऐवजी प्रत्येकाने आपले क्रियापद नेमके निवडावे. वरील उदाहरणात प्रकल्प व्यवस्थापकाने असे लिहिता येईल:

"जिल्हा परिषदेच्या 60 शाळांतील वाचन कार्यक्रमाचे तीन वर्षे व्यवस्थापन, सुमारे 5,300 मुले (पुनरावृत्ती वगळून). शेवटच्या वर्षी दोन्ही चाचण्या दिलेल्या 2,100 मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचणारी मुले 22 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर. तीन वर्षांच्या 3 कोटींच्या नव्या करारासाठी प्रस्ताव व अंदाजपत्रक तयार केले, वाटाघाटी संचालकांनी केल्या, त्यापैकी 1.9 कोटी माझ्या कार्यकाळात जमा."

या मजकुरात संचालकांचे श्रेय आहे आणि आपलेही आहे. एचआरच्या चाळणीसाठी लागणारे ठळक आकडेही आहेत: 60 शाळा, 5,300 मुले, 3 कोटी. लाखाचा आकडा नाही, परंतु मुलाखतीत "हे कसे मोजले?" असे विचारले गेले, तर प्रत्येक ओळीला उत्तर आहे.

हे आकडे नोकरीत असतानाच काढून ठेवावेत, कारण संस्था सोडल्यावर एमआयएसचे, म्हणजे संस्थेच्या संगणकीय नोंदप्रणालीचे, लॉगिन बंद होते आणि मग केवळ वार्षिक अहवालातील बेरजा हाती उरतात. मुलांच्या नावांच्या याद्या मात्र सोबत नेऊ नयेत. त्या संस्थेकडेच राहिल्या पाहिजेत. एकूण संख्या, चाचणीची तारीख आणि कोणत्या अहवालाच्या कोणत्या पानावरून आकडा घेतला याची टिपणे पुरेशी आहेत, आणि निघण्यापूर्वी ती आपल्या वरिष्ठांना दाखवून घ्यावीत. पुढे संदर्भासाठी फोन जाईल तो त्यांनाच, आणि त्यांनी सांगितलेला आकडा आपल्या सीव्हीतील आकड्याशी जुळला पाहिजे.