पारोळ्याच्या ताईंचा तंबू

अखाजीच्या पंधरा दिवस आधी पारोळ्याहून एक ताई दुकानात आल्या. हातात जरीच्या ब्रोकेडचं साडेचार मीटर कापड, आणि मोबाईलवर स्वतःचाच फोटो. कुठल्याशा अ‍ॅपमध्ये कापडाचा फोटो टाकून त्यांनी स्वतःला अनारकली नेसवून पाहिली होती. फोटो खरंच सुरेख होता. कमरेखाली बारीक बारीक चुण्या, घेर पायाला बिलगलेला. "डिट्टो असाच शिवा," म्हणाल्या. मी कॉम्प्युटरवाली, मला फोटो आवडला. सासूबाई तीस वर्षं मशीनवर बसतात. त्यांनी कापड चिमटीत धरलं, सोडलं, आणि "बघू" एवढंच म्हणाल्या. त्या "बघू"चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

ट्रायलला ताईंची आई सोबत होती. मुलगी पडद्यामागून बाहेर आली आणि माऊली म्हणाली, "हाऊ ते तंबू शे व माय!"

चूक होती का? माप बरोबर, शिलाई बरोबर, कळ्या बारा. फक्त बारीक चुण्यांऐवजी पाच मोठे शंकू उभे राहिले होते आणि खालचा काठ अंगापासून वीतभर लांब. शिलाईचे पैसे आम्ही घेतले नाहीत. उसवून सरळ कुर्ता करून दिला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ही अ‍ॅपं कापड नेसवत नाहीत, कापडाचा रंग नेसवतात. त्यांना शिकवलंय ते तयार कपड्यांच्या फोटोंवर: एकीकडे माणूस, दुसरीकडे शिवलेला टॉप. ती तुमच्या अंगावरचा कपडा झाकून टाकतात आणि त्या जागी, पूर्वी पाहिलेल्या हजारो फोटोंच्या जोरावर, नवा कपडा रंगवतात. शिंप्याकडे शिवलेला कपडा कुठे असतो? त्याच्याकडे असतं घडी घातलेलं कापड. सपाट कापडाच्या फोटोत ते किती ताठ आहे हे लिहिलेलं नसतं. मग अ‍ॅप अंदाज करतं, आणि तो अंदाज बहुतेक वेळा मऊ, लोंबत्या कापडाचा निघतो, कारण तेच दिसायला छान.

ब्रोकेडचा तंबू का झाला, तेही सांगते. त्यात जर आडव्या धाग्यात होती. घेरात आडवा धागा कमरेभोवती फिरतो. उभी चुणी पडायची म्हणजे हाच आडवा धागा वळला पाहिजे. जर वळायला तयार नसते, म्हणून चुण्या थोड्या आणि मोठ्या पडतात. सासूबाईंच्या चिमटीला हे कळलं होतं. माझ्या स्क्रीनला नाही.

आता आम्ही काय करतो ते ऐका. एकाच कटाच्या चार पांढऱ्या अनारकल्या शिवून ठेवल्यात: रंगवायसाठी मिळतं ते पांढरं ब्रोकेड, कॉटन, रेयॉन आणि अस्तर लावलेलं जॉर्जेट. मागे नाडी, म्हणजे बारीक-जाड दोघींना पिन मारून बसतात. गिऱ्हाइकाचं कापड या चौघींपैकी कुणासारखं पडतं ते आधी ठरवायचं. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक उतार केलाय, १० सेंमी आडवा आणि ८.८ सेंमी खाली, म्हणजे साधारण साडेएकेचाळीस अंश. कापडाच्या प्रयोगशाळेतही हाच कोन वापरतात, तिथे एक इंची पट्टी कापून घेतात. आपण गिऱ्हाइकाचं कापड कापू शकत नाही, म्हणून सरळ कड टेबलाच्या काठावरून हळूहळू पुढे सरकवायची. कड वाकून उताराला टेकली की थांबायचं आणि किती सेंमी बाहेर आलं ते मोजायचं. पारोळ्याचं ब्रोकेड आडव्या धाग्याने ९ वर टेकलं, आमचं रेयॉन ४ वर. हा आकडा प्रयोगशाळेचा म्हणून कुणाला सांगू नका, पण एकमेकांशी ताडून पाहायला पुरतो. दोन्ही धाग्यांनी मोजायचं आणि किनारीजवळ मोजायचं नाही, तिथे विण घट्ट असते.

मग गिऱ्हाईक ती जुळणारी पांढरी अनारकली घालून खिडकीशी उभं राहतं. ट्यूबलाइट बंद. एका बाजूने उजेड आला की चुणीची सावली दिसते. अंग तिचं, चुण्या खऱ्या. आता त्या पांढऱ्यावर फक्त नक्षी चढवायची. हे GIMP या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, फुकट आहे. कापडाचा फोटो वरच्या लेयरवर ठेवून मोड Multiply केला की खालच्या सावल्या नक्षीतून दिसतात. पण नक्षी चुणीवरून सरळ धावत राहते, वॉलपेपर चिकटवल्यासारखी. म्हणून Displace फिल्टरला त्याच पांढऱ्या फोटोची करडी प्रत द्यायची. मधला करडा नक्षी जागेवर ठेवतो, उजळ-गडद भाग तिला एका किंवा दुसऱ्या बाजूला सरकवतो. ती प्रत आधी थोडी Blur करा, नाहीतर विणीचे दाणेही सरकतात आणि बुट्टी थरथरल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त चुका मात्र नक्षीच्या आकारात होतात. पांढऱ्या ड्रेसच्या छातीवर आम्ही बरोबर १० इंचांवर दोन पेन्सिलीचे ठिपके केलेत. फोटोत त्यांच्यात २१० पिक्सेल आले तर एका इंचाला २१. सुरतेच्या कापडात बुट्टी दर ५ इंचांनी परत येत असेल, तर फोटोत ती १०५ पिक्सेलनीच यायला हवी. डोळ्याने बसवली की हमखास लहान बसते. कापड नाजूक दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि ट्रायलला छातीवर कोबीएवढं फूल उगवतं.

आणि नक्षी एकसंध चढवू नका. प्रत्येक कळी वेगळी निवडा आणि उभा धागा कळीच्या मधोमध येईल अशी फिरवा. पट्ट्यांच्या कापडात शिवणीवर पट्टे बाणासारखे मिळतात, ते फोटोत दिसलंच पाहिजे. बाही उरेब कापायची असेल तर बाहीची नक्षीही तिरकी.

काही गोष्टी या पद्धतीला जमत नाहीत. Multiply सावली देतं, चमक देत नाही, त्यामुळे सॅटिन सुती दिसतं. गडद निळ्यात आणि काळ्यात चुण्या बुडून जातात, तिथे उजळ भाग वेगळ्या लेयरवर Screen मोडने परत आणावे लागतात. फिटिंग तर अजिबात कळत नाही. काखेत ओढतंय का, मुंढा बसतोय का, ते ट्रायललाच. एका फोटोला मला पाऊण तास लागतो, त्यामुळे रोजच्या कुर्त्याला आम्ही हे करत नाही. बाहेरगावची गिऱ्हाइकं घरून फोटो पाठवतात, त्यांना मी चुणीचं चित्र देत नाही, फक्त रंग आणि गळा दाखवते. साडीवरचा, डोक्यावर पदर घेतलेला फोटो आला तर तेही नाही, खांदाच दिसत नसतो. (फोटो ड्रेस नेला की त्यांच्यासमोर डिलीट. लेकीबाळींचे फोटो आहेत, दुकानाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत.)

कानबाईच्या आधी चोपड्याची एक मुलगी तसंच ब्रोकेड घेऊन आली. पुठ्ठ्यावर साडेआठ. पांढरं ब्रोकेड घालून फोटो काढला, नक्षी चढवली, तिला दाखवला. सहा मोठे शंकू. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, याचा जॅकेट करा, घेर जॉर्जेटचा घ्या." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

सध्या अडचण वेगळीच आहे. पांढरे ड्रेस मळतात, हळदीचे, लिपस्टिकचे डाग पडतात, धुवावे लागतात. रेयॉन दोन धुण्यांत ४ वरून साडेतीनवर आलंय. म्हणजे जुळवणी पुन्हा करायची.