हजार डॉलर आणि ठेच्याचा डाग

बालीची तिकिटं काढली, म्हणून जळगावातल्या एका परकीय चलनाच्या दुकानात हजार डॉलर घ्यायला गेलो. मोबाईलवर डॉलर ८५ रुपये दाखवत होता. दुकानातल्या फळ्यावर दोन आकडे होते: ‘खरेदी ८३.५०, विक्री ८६.५०’. मी खरेदीलाच आलो होतो, म्हणून ८३,५०० चा चेक लिहून पुढे सरकवला.

“काय भो, ती खरेदी आमची. तुम्ही घेता ती आमची विक्री,” आतला माणूस म्हणाला.

वर ‘कमिशन शून्य’ अशी ठसठशीत पाटी. त्या शून्याच्या खुशीत ८६,५०० दिले. जीएसटी १५५ रुपये ७० पैसे वेगळा. तो रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के असतो, म्हणून फारसा बोचला नाही. घरी भाकरी-ठेचा खाता खाता नोटा पुन्हा मोजल्या.

चौथ्या दिवशी सासूबाई जिन्यावरून घसरल्या. बाली रद्द. डॉलर घेऊन मी परत त्याच काउंटरवर. भाव तेच होते, फक्त आता ‘खरेदी’ची पाटी माझी होती. त्याने एका नोटेचा कोपरा हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि नोट गल्ल्यात टाकली. ८३,५०० मधून जीएसटीचे १५०.३० गेले, हातात ८३,३४९.७० आले.

रात्री बायकोने वाणसामानाच्या यादीमागे हिशेब मांडला. गेले ८६,६५५.७०, आले ८३,३४९.७०. खड्डा ३,३०६ रुपयांचा. त्यात सरकारचे ३०६, बाकी तीन हजार त्या शून्य कमिशनचे. जाताना डॉलरमागे दीड रुपया, येताना दीड रुपया.

“सोनार निदान घट धरतो तेव्हा तोंडाने सांगतो तरी,” ती म्हणाली.

“थांबलो असतो तर डॉलर वाढला असता,” मी म्हणालो. तिने तेही मांडलं. मुद्दल सुटायला मोबाईलवरचा ८५ चा डॉलर सुमारे ८८.३१ व्हायला हवा होता, आणि दुकानदाराने दीड रुपयाचा दीडच ठेवायला हवा होता. नोटांवरचा हा दीड काही दगडावरची रेघ नव्हे. बाजार हलला की तो आधी रुंदावतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे पाटीलकाका बंगल्यावर आले. थायलंडला निघाले होते, हजार डॉलर नुकतेच घेतलेले. आधी बोलले असते तर ८५ ला आपसात उरकलं असतं, दोघांचे दीड-दीड हजार वाचले असते, असं मी हळहळून म्हणालो. काका बँकेतून निवृत्त. “फेमा कायद्यात बसत नाही ते. परवानाधारकाकडेच जावं लागतं,” म्हणाले, आणि कौतुकाने नोटा दाखवू लागले.

“८६.५० ने मिळाल्या. कोऱ्या करकरीत आहेत. ह्या एकीला तेवढा लसणीचा वास येतोय.”