डाग मोजता, मग अंतर का लिहीत नाही?

मधुमेहाच्या शिबिरांतून येणाऱ्या डोळ्यांच्या रिपोर्टवर माझा जुना राग आहे, आज लिहूनच टाकते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो वाचून ग्रेड देणं हे माझं रोजचं काम. पुण्यात सोसायटीचा हॉल, गणपती मंडळाचं कार्यालय, कंपनीचं कँटीन, कुठेही कॅमेरा मांडला जातो, फोटो निघतात, ही चांगलीच गोष्ट. पण पेशंटच्या हातात जो कागद पडतो त्यावर एकच ओळ असते: 'उजवा डोळा, मॉडरेट एनपीडीआर.' म्हणजे मधुमेहाने पडद्याला झालेला आजार, मधल्या पायरीचा. घरचे विचारतात, "सिव्हिअर नाही ना? मग दिवाळीनंतर दाखवू."

त्यांचं काहीच चुकत नाही. त्या ओळीत 'लवकर जा' असं कुठे लिहिलेलंच नसतं. मुद्दा असा की ही ओळ मुख्यतः लाल डाग आणि रक्तवाहिन्यांतले बदल बघून ठरते, आणि नजरेला जवळचा धोका बऱ्याचदा पिवळे डाग कुठे आहेत त्यावरून कळतो.

नमुन्यादाखल एक फोटो घेऊ. कात्रजच्या बाजूच्या एक काकू, वय अठ्ठावन्न, बरीच वर्षं शुगर, दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची 6/6 ओळ वाचतात. उजव्या डोळ्याचा 45 अंशांचा फोटो, मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बारीक नजरेचा भाग, मध्यभागी. पहिलं काम डाग शोधणं नाहीच. मॅक्युलाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात का, हे आधी बघायचं. त्या दिसत नसतील तर मायक्रोअ‍ॅन्युरिझमसारखे बारीक लाल ठिपकेही दिसणार नाहीत, आणि मग 'डाग नाहीत' असं लिहायचा आपल्याला अधिकार नाही. अशा वेळी 'फोटो वाचता येत नाही, थेंब घालून तपासा' असंच लिहायचं. मोतीबिंदूमुळे धुरकट आलेला फोटो 'नॉर्मल'च्या गठ्ठ्यात गेला की तो माणूस पुढचं वर्षभर निर्धास्त फिरतो.

काकूंचा फोटो स्वच्छ होता. आता माप हवं. फोटोवर पट्टी छापलेली नसते, म्हणून डोळ्यातलीच ऑप्टिक डिस्क, म्हणजे डोळ्याची नस पडद्यातून बाहेर पडते ती गोल जागा, माप म्हणून वापरतात. तिची रुंदी साधारण 1500 मायक्रॉन धरायची. या फोटोत ती 300 पिक्सेल भरली, म्हणजे एक पिक्सेल पाच मायक्रॉनचा. माणसागणिक डिस्क लहानमोठी असते, त्यामुळे हे माप अंदाजाचंच, पण कामापुरतं पुरतं.

आता लाल डाग. हिरव्या चॅनेलमध्ये फोटो उघडला की ते काळे होऊन उठून दिसतात, कारण रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठळक कडेचा गोल ठिपका 125 मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर तो मायक्रोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे केशवाहिनीला आलेला फुगवटा. डिस्कच्या कडेला शीर जेवढी जाड दिसते, तेवढं हे माप. आपल्या फोटोत 25 पिक्सेल. काकूंच्या डोळ्यात दहाबारा पिक्सेलचे सात ठिपके होते, आणि चाळीसेक पिक्सेलचे, कडा वेड्यावाकड्या असलेले तीन डाग. ते तीन म्हणजे हेमरेज, रक्त वाहिनीबाहेर आलेलं. मापाच्या काठावरच्या ठिपक्यांवर दोन ग्रेडर हमखास भांडतात, भांडू द्यावं.

इथे आणखी एक गंमत. लेन्सवरची धूळही फोटोत अगदी अशीच काळी ठिपकी होऊन येते, आणि पुण्यात कुठल्या रस्त्याकडेला सध्या धूळ नाही? ओळखायचं कसं? डोळा जरा वळवून दुसरा फोटो काढायचा. खरा डाग रक्तवाहिन्यांबरोबर सरकतो, धूळ चौकटीत जिथल्या तिथे राहते. पुढच्या पेशंटच्या फोटोतही ती त्याच जागी हजर असते.

फक्त मायक्रोअ‍ॅन्युरिझम असते तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत 'माइल्ड' झालं असतं. हेमरेज आहेत म्हणून 'मॉडरेट'. 'सिव्हिअर' म्हणायला चारही भागांत प्रत्येकी वीसपेक्षा जास्त हेमरेज, किंवा दोन भागांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या गाठाळलेल्या, किंवा एका भागात पडद्याच्या आतल्या वेड्यावाकड्या वाहिन्या ठळक दिसायला हव्यात. काकूंच्या फोटोत यातलं काही नव्हतं. (एका 45 अंशांच्या फोटोत पडद्याची कड येतच नाही, त्यामुळे 'नव्हतं' म्हणजे 'दिसलेल्या भागात नव्हतं'.) शिबिराचा कागद इथेच संपतो. मॉडरेट. पुढचा नंबर.

पण फोटो संपलेला नाही. फोव्हिया म्हणजे मॅक्युलाचा अगदी मध्य. त्याच्या वर, कानाच्या बाजूला, पिवळ्या चकचकीत कणांचं अर्धवट कडं होतं आणि कड्याच्या मधोमध दोन मायक्रोअ‍ॅन्युरिझम. हे हार्ड एक्झ्युडेट. त्या फुगवट्यांतून पाणी आणि चरबी पाझरते, पाणी पुन्हा शोषलं जातं, चरबी सुजेच्या कडेला साचत राहते. पावसाळ्यात भिंतीतली ओल वाळली की तिच्या कडेला क्षार उरतात, तसंच. म्हणून कड्याच्या मध्यावर गळतीची जागा सापडते.

पिवळं दिसलं की एक्झ्युडेट, असंही नाही. कापसासारखा पांढरा, कडा पुसट असलेला डाग म्हणजे कॉटन वूल स्पॉट. तो वरच्या थरात असतो, कधी रक्तवाहिनीच झाकतो. उतारवयातले ड्रुसेन जास्त खोल असतात, बहुधा दोन्ही डोळ्यांत सारखे, आणि ते असायला आसपास लाल डाग असावे लागत नाहीत. इथे ठळक कडा, कड्याची मांडणी आणि मध्ये लाल ठिपके, म्हणजे शंकेला जागा नाही.

आता मोजा. फोव्हियाच्या मध्यापासून सर्वांत जवळचा पिवळा कण 90 पिक्सेलवर. म्हणजे सुमारे 450 मायक्रॉन, एका डिस्कच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. इंग्लंडच्या तपासणीत पडद्याची अवस्था आर या अक्षराखाली लिहितात आणि मॅक्युला एम या अक्षराखाली, वेगळा. फोव्हियाच्या मध्यापासून एका डिस्कच्या अंतरात एक्झ्युडेट दिसलं की एम1. मग आरच्या खाली सर्वांत सौम्य ग्रेड का असेना, मॅक्युलासाठीचा शेरा लपत नाही. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही, जी 2003 पासून वापरात आहे, मॅक्युलाच्या सुजेची स्वतंत्र मोजपट्टी आहेच. शिबिराच्या छापील फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. फोटो सपाट असतो. त्यात चरबी दिसते, सूज दिसत नाही. सूज उतरल्यावरही एक्झ्युडेट महिनोन् महिने राहू शकतं, आणि कधी एकही पिवळा कण नसताना मॅक्युला सुजलेला असतो. म्हणून फोटोवरून 'मॅक्युलाला सूज आहे' असं ठोकून देऊ नये. ओसीटी करायला सांगायचं, त्यात पडद्याची जाडी मोजता येते. सूज निघाली आणि नजर 6/6 असली, तर लगेच डोळ्यात इंजेक्शन द्यावंच लागतं असंही नाही, डॉक्टर काही काळ बारीक लक्ष ठेवू शकतात. पण लक्ष ठेवायला माणूस समोर यायला हवा. 6/6 वाचणारी बाई आपणहून कशाला येईल?

काकूंच्या कागदावर मी लिहिलेला मजकूर असा: 'उजवा डोळा, फोटो वाचण्याजोगा. मॉडरेट एनपीडीआर. मॅक्युला: फोव्हियापासून अंदाजे 450 मायक्रॉनवर हार्ड एक्झ्युडेट, सुजेची शंका. ओसीटी आणि रेटिना तज्ज्ञांची भेट काही आठवड्यांत.' हे सगळं लिहायला एका फोटोमागे जेमतेम एक मिनिट जास्त लागतं. आयोजक मंडळी म्हणतात, "मॅडम, फॉर्मवर एवढी जागा नाही." मग फॉर्म बदला. तो छापतं कोण, आपणच ना?