घट्ट तेल, पातळ थर

"हीट ट्रान्सफर व्हायव्हा, फक्त 4 ओळी पाठ करा!! 1) सपाट प्लेटवर वेगाचा थर आणि उष्णतेचा थर सारख्याच जाडीचे, दोन्हीला 5x/√Re लावा. 2) तेल घट्ट असतं, म्हणून उष्णतेचा थर तेलात सगळ्यात जाड. 3) δ/δT = Pr^(1/3) हवा, पाणी, तेल, द्रव धातू, सगळ्यांना चालतं. 4) सिमिलॅरिटी सोल्यूशन म्हणजे पोलहाउझेनचा अंदाज, खरं उत्तर नाही. सगळ्या ग्रुपवर टाका!"

टाकलंच सगळ्यांनी. माझ्याकडे तीनदा आलं आणि तिन्ही वेळा मी दुर्लक्ष केलं. काल रात्री साडेदहाला दादरहून भाचीचा फोन आला. "मामा, उद्या व्हायव्हा आहे. दुसरा मुद्दा पाठ झालाय, पण पटत नाहीये." न पटण्याइतकी अक्कल तिला आहे याचा आनंद झाला, आणि पाठ करून मोकळी झाली याचा संताप.

वेगाचा थर म्हणजे प्लेटलगतचा तो पट्टा, जिथे प्लेटमुळे प्रवाह मंदावलेला असतो. उष्णतेचा थर म्हणजे प्लेटची उष्णता जिथपर्यंत पोचते तो पट्टा. पहिला मुद्दा लवकर उरकतो. वेगाचं समीकरण ब्लाझियसने 1908 साली सोडवलं. उष्णतेचं त्याच्याच शेजारी बसतं:

f''' + ½ f f'' = 0
θ'' + ½ Pr f θ' = 0

इथे f' म्हणजे मुख्य प्रवाहाच्या तुलनेत वेग, θ म्हणजे त्याच धर्तीवर प्लेटपासून मोजलेलं तापमान, Pr म्हणजे प्रँटल नंबर, अर्थात काइनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ν भागिले थर्मल डिफ्युझिव्हिटी, आणि η = y√(U/νx), जिथे y प्लेटपासूनची उंची, x टोकापासूनचं अंतर, U मुख्य प्रवाहाचा वेग. प्लेटच्या टोकापासून 10 सेंटिमीटरवर मोजा किंवा 30 वर, उंची या मापात लिहिली की सगळे आलेख एकावर एक बसतात. सिमिलॅरिटी म्हणतात ती हीच. आता Pr = 1 ठेवा आणि θ च्या जागी f' लिहा. दुसरं समीकरण जसंच्या तसं पहिलं होतं, म्हणजे दोन्ही थर तंतोतंत सारखे. हवेचा प्रँटल नंबर 0.71 आहे, तिथे उष्णतेचा थर फार तर 12 टक्के जाड निघतो. तेव्हा हवेपुरतं हे वाक्य चालवून घेऊ. पाण्यापाशी आलात की ते मोडतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी थांबणार आहे, कारण त्याची किंमत मी मोजलेली पाहिली आहे.

इंजिन ऑइल घ्या, 77 अंश सेल्सिअसचं. प्लेटवरून 1 मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहतंय आणि आपण टोकापासून 30 सेंटिमीटरवर उभे आहोत. काइनेमॅटिक व्हिस्कॉसिटी साधारण 42×10⁻⁶ चौरस मीटर प्रतिसेकंद, प्रँटल नंबर सुमारे 546. रेनॉल्ड्स नंबर Re, म्हणजे वेग गुणिले अंतर भागिले ही व्हिस्कॉसिटी, 7,100 च्या आसपास, म्हणजे प्रवाह निवांत लॅमिनार. वेगाचा थर जवळपास 18 मिलिमीटर. तिसऱ्या मुद्द्यातलं सूत्र तेलाला चालतं, तेव्हा 546 चं घनमूळ 8.2, त्याने भागा. उष्णतेचा थर 2.2 मिलिमीटर. तीच प्लेट, तोच वेग, पण 27 अंशांची हवा असेल तर वेगाचा थर 11 मिलिमीटर आणि उष्णतेचा 12. घट्ट तेलात सव्वादोन, विरळ हवेत बारा. "सगळ्यात जाड" म्हणे!

गोंधळ एका साध्या गोष्टीचा आहे. घट्टपणा म्हणजे प्लेटने लावलेला ब्रेक किती दूरवर जाणवतो ते. उष्णतेला त्या ब्रेकशी थेट देणंघेणं नाही, ती किती झपाट्याने पसरते हे थर्मल डिफ्युझिव्हिटी ठरवते, आणि तेलात ती व्हिस्कॉसिटीच्या 546 पट कमी आहे. म्हणून वेगाला बसलेला धक्का लांबवर पोचतो आणि उष्णता प्लेटला चिकटून बसते.

आता नाइलाजाने एक कबुली. घट्टपणा वाढला की उष्णतेचा थर थोडा जाड होतो, हे खरं आहे. प्लेटलगतचं तेल आणखी मंद सरकतं, त्यामुळे उष्णतेला पसरायला जरा जास्त वेळ मिळतो. पण थोडा म्हणजे किती? हेच तेल 27 अंशांवर आणलं तर व्हिस्कॉसिटी 13 पट होते. वेगाचा थर 18 वरून 64 मिलिमीटरवर जातो आणि उष्णतेचा 2.2 वरून जेमतेम 3.5 वर. सूत्र उलगडलंत तर व्हिस्कॉसिटीचा फक्त एक-षष्ठांश घात उरतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा हे कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं.

किंमतीचं सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी नोकरीला नवा होतो. तेलाच्या टाकीतल्या तापत्या प्लेटवर लक्ष ठेवायला थर्मोकपल लावलं होतं, त्याचं टोक प्लेटपासून बरोबर 6 मिलिमीटरवर. हिशेब केलेल्याने थर 18 मिलिमीटर धरला होता, म्हणजे टोक थराच्या आत खोलवर आहे असा सगळ्यांचा समज. मीटर दिवसभर टाकीतल्या तेलाचंच तापमान दाखवत राहिला. प्लेट तापत नाही असं ठरवून हीटरचा भार वाढवला. पुन्हा तेच. शेवटी टाकी उपसली तेव्हा प्लेटवर जळलेल्या तेलाची काळी खपली होती, नखाने निघेना. टोक उष्णतेच्या थराच्या बाहेर लोंबकळत होतं. असं झालंय का हे ओळखायची खूण सोपी आहे. हीटरचा भार बदला. मीटरचा काटा ढिम्म राहिला, तर तुम्ही थराबाहेर मोजताय. (वरच्या आकड्यांत तेलाचे गुणधर्म सगळीकडे सारखे धरलेत. प्लेट फारच गरम असेल तर लगतचं तेल पातळ होतं आणि हिशेब हलतो, पण 2 चे 18 होत नाहीत.)

तिसरा मुद्दा याच धाग्याला लागून येतो. त्या सूत्रात Pr चं घनमूळ का येतं? तेलात, पाण्यात उष्णतेचा थर प्लेटलगतच्या मंद भागात असतो, तिथे वेग उंचीबरोबर सरळ रेषेत वाढतो, आणि त्या सरळ रेषेतून घनमूळ निघतं. द्रव धातूत उलटं घडतं. उष्णता वेगाच्या थराच्या पार पुढे, पूर्ण वेगाने वाहणाऱ्या भागात पसरलेली असते. तिथे f ≈ η ठेवलं की वर्गमूळ येतं, घनमूळ नाही. द्रव सोडियमचा प्रँटल नंबर 0.01 धरा. फॉरवर्डचं सूत्र म्हणतं, उष्णतेचा थर वेगाच्या थराच्या 4.6 पट. समीकरण सोडवलंत तर साडेसात पटीच्या वर. प्लेटवरचा उतार, म्हणजे θ'(0), सूत्राने 0.0715 येतो, प्रत्यक्षात 0.0516 आहे. उष्णता जवळपास 40 टक्के जास्त निघते असं धरून तुम्ही डिझाइन करणार. साधारण 0.6 च्या खाली हे सूत्र वापरूच नका.

चौथ्यात तर माणसंच बदललीत. 1921 साली एकाच जर्मन नियतकालिकाच्या पहिल्या खंडात दोन पोलहाउझेन छापून आले. अर्न्स्टने ब्लाझियसचा f घेऊन वरचं उष्णतेचं समीकरण सोडवलं. कार्लने वेगाच्या थरासाठी बहुपदीची अंदाजी पद्धत दिली. अंदाज कार्लचा. अर्न्स्टचं उत्तर बाउंड्री लेअरच्या, म्हणजे या थरांच्या, समीकरणांपुरतं नेमकं आहे. आकडे हाताने काढावे लागले म्हणून ते अंदाज होत नाही. Pr^(1/3) हा मात्र त्या उत्तराला बसवलेला सोयीचा अंदाज आहे, तेव्हा फॉरवर्डने ज्याला खरं म्हटलं तो अंदाज आणि ज्याला अंदाज म्हटलं ते खरं.

भाचीला मी एवढंच विचारलं, "पाण्याचा प्रँटल 5.8, वेगाचा थर अडीच मिलिमीटर. उष्णतेचा किती?" पलीकडे कॅल्क्युलेटरची टकटक झाली. "एक पूर्णांक चार. आत आहे, मामा."