वैनींचं पाचशे रुपयांचं देणं

आज दुपारी बेळगावच्या वडगावात बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या महिला मेळाव्याला गेले होते, जायचं नव्हतं खरं तर, पण गल्लीतल्या बायकांना कंपल्सरी होतं आणि शेजारच्या वैनी म्हणाल्या चला की ओ सोबतीला. मंचावर साहेब उठले आणि म्हणाले, आमच्या भगिनी नुसतं कर्ज घेत नाहीत, कर्जासोबत बचतही करतात, एवढ्या एवढ्या लाखाची बचत आमच्याकडे जमा आहे. टाळ्या! शाल, श्रीफळ, फोटो. वैनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला कारण माहिती होतं, म्हणून घरी येऊन भांडी तशीच टाकून हे टाईप करतेय.

संस्थेचं नाव घेणार नाही, विचारू नका. आणि हे काही एकाच संस्थेचं नाही, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जा, गटाचं कर्ज म्हटलं की ठेवीचं हे झेंगट बऱ्याच ठिकाणी असतंच.

वैनींची गोष्ट सांगते. त्यांच्या घरी दोन पॉवरलूम. गणपतीच्या तोंडावर एका लूमची मोटर जळाली आणि त्याच महिन्यात पोरीची कॉलेजची फी. दहा बायकांच्या गटातून ३० हजार मंजूर झाले, व्याज वर्षाला २४ टक्के, तेही शिल्लक रकमेवर, फ्लॅट नव्हे, म्हणजे त्या बाबतीत संस्था सरळ. बारा महिने, हप्ता २,८३७. पण हातात किती आले? २७ हजार. तीन हजार 'सभासद ठेव' म्हणून जागीच कापले, आणि वर दर महिन्याच्या हप्त्यासोबत २०० रुपये बचत, ती पण सक्तीची. म्हणजे मीटिंगला जाताना ३,०३७ घेऊन जायचं. कर्ज फिटलं की सगळं परत मिळणार, आपलेच पैसे आहेत की ओ, असं सांगितलेलं.

आपलेच पैसे! बरोबर आहे, म्हणून तर डोकं फिरतं.

आता बघा, वैनींनी व्याज भरलं ३० हजारावर. वापरायला मिळाले २७. जे तीन हजार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत त्याच्यावर २४ टक्क्यांनी वर्षाचे जवळजवळ ७२० रुपये व्याज गेलं. ठेवीवर संस्था व्याज देते म्हणे, चार टक्के, म्हणजे १२० रुपये. घ्या. आपल्याच म्हशीचं दूध आपल्यालाच विकत घालायचं आणि वर शेणाचे पैसे देतो म्हणून उपकार दाखवायचे.

आणि लोक इथंच फसतात, 'दहाच टक्के तर ठेव आहे' म्हणतात. मी साडीच्या दुकानात हिशोब लिहिते, त्याआधी एका पतसंस्थेत काउंटरवर बसलेय, म्हणून सांगते, दहा टक्के फक्त पहिल्या दिवशी. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं, ठेव मात्र जागची हलत नाही. वर्षभराची सरासरी काढली तर वैनींकडं संस्थेचे साधारण १७ हजारच होते, आणि त्यातले तीन हजार सतत संस्थेकडंच पडून. म्हणजे झाले जवळजवळ अठरा टक्के. भरलेलं एकूण व्याज ४,०४१ रुपये, ते खरंच हातात असलेल्या पैशावर मांडलं की दर २४ राहत नाही, २९ होतो. त्यात ते महिन्याचे २०० धरले की ३१ च्या वर जातो. चार टक्के ठेवव्याज मिळालंच तर थोडा खाली येईल, पण २४ पर्यंत काही खाली येत नाही. प्रोसेसिंग फी, विमा हे मी धरलेलंच नाही, ते वेगळं रडगाणं आहे. कागदावर २४ च लिहिलेलं, कुणी खोटं बोललं नाही, सही आपलीच.

पण टक्के सोडा. टक्क्यानं मला एवढा राग आला नसता.

आषाढ लागला. लग्नं नाहीत, साड्यांना उठाव नाही, एक लूम बंद, दुसरा आठवड्यातून तीन दिवस. अकराव्या हप्त्याला वैनींकडं पैसे नाहीत. दहा हप्ते एक दिवस न चुकता भरलेले. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, साहेब या वेळचा हप्ता माझ्या ठेवीतून कापून घ्या. संस्थेकडून वसुलीला आलेला पोरगा (पोरगाच की, माझ्या भाच्याच्या वयाचा) म्हणाला, तसं होत नाही अक्का, ठेव कर्ज क्लोज झाल्यावरच, सिस्टीम घेत नाही. आणि सगळ्या बायकांना बसवून ठेवलं. दुपारी तीनची मीटिंग, दिवेलागणीपर्यंत. कुणाचं लहान पोर रडतंय, कुणाच्या घरी सासू तापानं फणफणलेली, आणि सगळ्या वैनींकडं बघतायत. कुणी वाईट बोललं नाही. पण बघणं असतं ना.

आता त्या संध्याकाळचा हिशोब करा. दहा हप्त्यांनंतर वैनींचं मुद्दल उरलं होतं ५,५०८ रुपये. संस्थेकडं वैनींचे पैसे होते तीन हजार ठेव आणि दोन हजार बचत, एकूण पाच हजार. म्हणजे वजा करून त्यांचं खरं देणं किती? ५०८ रुपये. पाचशे रुपयांसाठी एका बाईला दहा बायकांसमोर थकबाकीदार म्हणून बसवलं!! आणि ती शेवटी गल्लीच्या टोकाच्या सावकाराकडून शेकडा पाचनं तीन हजार घेऊन आली आणि हप्ता भरला. शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाचे साठ टक्के. स्वतःचे पाच हजार समोरच्या पासबुकात असताना. हे साठ टक्के कुठल्या कागदावर दिसणार सांगा, संस्थेचं रेकॉर्ड तर स्वच्छ, वसुली शंभर टक्के.

पुढचा महिना तर आणखी भारी. अकरावा हप्ता भरल्यावर मुद्दल उरलं २,७८१ आणि संस्थेकडं वैनींचे ५,२००. म्हणजे आता संस्थाच वैनींची देणेकरी, जवळजवळ चोवीसशेची. आणि व्याज कोण भरतंय? वैनी.

लिहिता लिहिता थोडी शांत झाले, चहा घेतला. तर दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर कमेंटमध्ये येणारच आहात तुम्ही. व्हय, दर महिन्याचे २०० सक्तीचे नसते तर वैनींकडून एवढी रक्कम एकत्र साठली नसती, घरात पैसा टिकत नाही, नवरा मागतो, पाहुणे येतात, दवाखाना निघतो. हे मला मान्य आहे, मान्य करायला जड जातं पण आहे. आमच्या आईनं पण डब्यातले पैसे असेच कुणाकुणाकडं लपवून ठेवले. पण आई मागेल तेव्हा परत मिळायचे! अडचणीला काढता येत नाही ती बचत कसली, ते तारण झालं. आणि बिनतारणी कर्ज म्हणून गावभर सांगायचं.

संस्थेला हे का सोडवत नाही ते पण कळतं मला, काउंटरवर बसलेय की. एक तर कुणी हप्ता बुडवला तर ठेव हाताशी, बऱ्याच गटांत तर दुसरीनं बुडवला तरी तुमच्या ठेवीला कात्री लागते, पासबुकाच्या मागच्या नियमात बघा. आणि दुसरं म्हणजे दहा बायकांचे तीन-तीन हजार मिळून झाले ३० हजार, त्यात अकराव्या बाईचं अख्खं कर्ज निघतं. चार टक्क्यानं घेतलेले पैसे २४ टक्क्यानं सुटतात. मंचावरची ती लाखांची बचत म्हणजे हेच.

कायदा? रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की मायक्रोफायनान्सचं कर्ज बिनतारणी पाहिजे आणि कर्जदाराच्या ठेवीच्या खात्यावर बोजा ठेवायचा नाही. पण तो बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना. सभासदांची पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, या राज्याच्या सहकार कायद्यांखाली, तिथं ठेव म्हणजे सभासदाची ठेव, विषय संपला. २०२५ ला कर्नाटक सरकारनं वटहुकूम काढला तो जबरदस्तीच्या वसुलीवर, आणि ठेव अडकवण्यात जबरदस्ती दिसत नाही ना कुणाला, आवाज न चढवता काम होतं.

बरं कर्ज फिटलं तेव्हा ५,४०० मिळाले असतील असं वाटत असेल तुम्हाला. वैनी गेल्या घ्यायला. तर सांगितलं, अक्का तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, आता ५० हजार मंजूर आहेत, त्याची ठेव पाच हजार, ती यातूनच वळती करतो, हे घ्या चारशे. चारशे रुपये घेऊन आल्या घरी. आणि नवीन कर्ज घेतलं, घेणारच, सावकाराचे फेडायचे होते. म्हणजे ती ठेव आणखी वर्षभर गेली, आणि असंच चालू राहिलं तर परत कधी मिळणार? गट सोडतील तेव्हा.

म्हणून परवाच्या मीटिंगला आम्ही तिघी-चौघी एकच गोष्ट मागणार आहोत, ठेव बंद करा म्हणत नाही, तेवढी आमची ताकद नाही. शिल्लक मुद्दल आणि ठेव जवळपास सारखी झाली की उरलेले हप्ते ठेवीतून वळते करा, लेखी द्या. सिस्टीम घेत नसेल तर सिस्टीम बदला, पुढच्या कर्जाला ठेव वळती करताना बरी घेते सिस्टीम.

ज्यांना आपला खरा दर बघायचाय त्यांनी मोबाईलवर एक्सेल किंवा शीट्स उघडून हे टाका, वैनींचे आकडे आहेत, ठेवीवर व्याज मिळालं नाही असं धरलंय. क्रमानं बघा, हप्ते किती, बचतीसकट हप्ता, हातात आलेले पैसे, शेवटी परत मिळणारे.

```
=RATE(12,-3037,27000,5400)*12
```

०.३१ च्या आसपास येईल, म्हणजे ३१ टक्के. आठवड्याचा हप्ता असेल तर १२ च्या जागी आठवडे टाका आणि शेवटी १२ ऐवजी ५२ नं गुणा. हातात आलेले म्हणजे खरंच मोजून घेतलेले, मंजूर झालेले नव्हे. पासबुक कन्नडात असून रकाने कळत नसतील तर फोटो पाठवा, नाव झाकून, दुकान बंद झाल्यावर रात्री बघून सांगते.